नोकरीच्या शोधाची खतावणी

व्यापारी घरात वही ठेवण्याचे शिक्षण कोणी वेगळे देत नाही. ते हवेतूनच मिळते. माल किती आला, किती गेला, उधारी कोणाकडे अडकली, याची नोंद न ठेवणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्याच घरातला मुलगा पदवीधर होऊन नोकरी शोधू लागला की मात्र ही सवय कुठे जाते कोण जाणे. दोन वर्षे अर्ज करून थकलेल्या मुलाला, 'किती ठिकाणी अर्ज केलेस आणि त्यांतल्या किती जणांनी उत्तर दिले?' असे विचारले, तर तो 'खूप' एवढेच सांगतो. किराणा दुकानात असे उत्तर कोणी खपवून घेईल काय?

सांगलीच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेत एकत्र शिकलेल्या दोन मित्रांमध्ये या विषयावर गेल्या हिवाळ्यात दीर्घ बोलणे झाले. एक मूळचा बार्शीचा, घरी भुसार मालाचे दुकान; दुसरा सांगलीचाच, घरी हळदीची अडत. वर्गात दोघे एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारीत आणि ती सवय तिशीतही सुटलेली नाही. बार्शीकर आज एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी असून कोल्हापूरला नेमणुकीस आहे. सांगलीकर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे हिशेब पाहतो. वर्गमित्राच्या साखरपुड्यासाठी दोघे महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला निघाले होते. कोल्हापुरातून दुपारी सुटणारी ही गाडी अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र ओलांडून दुसऱ्या दिवशी नागपूरला पोहोचते. त्यामुळे बोलायला वेळच वेळ होता.

विषय निघाला तो बार्शीकराच्या धाकट्या भावामुळे. भाऊ सव्वीस वर्षांचा. बँक अधिकारी पदाच्या परीक्षेचे तीन प्रयत्न वाया गेलेले. चौथ्याची तयारी चालू. वडिलांनी फोनवर निर्वाणीचे सांगितले होते, "एक तर दुकानात बसव, नाही तर त्याला काही मार्ग दाखव. हे अर्धवट लटकणे आता पुरे."

"तूही तीन वर्षे हेच केलेस ना?" सांगलीकराने विचारले. "मग त्याला काय सांगायचे, हे तुला ठाऊक असायला हवे."

"तोच तर घोळ आहे. मला यश मिळाले म्हणून मी त्याला 'चालू ठेव' म्हणतो. पण मला ते कशामुळे मिळाले, हे मी त्याला कधी नीट सांगितलेच नाही."

दिवस मावळण्यापूर्वी दोघांनी डबे उरकले आणि साताऱ्याच्या पुढे बार्शीकराने आपली हकीकत उलगडली. सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक बँकांची भरती आयबीपीएस या संस्थेच्या सामाईक परीक्षेतून होते. अधिकारी पदासाठी आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा, मग मुलाखत. पूर्वपरीक्षेत एका तासात १०० प्रश्न असतात. इंग्रजी, गणित आणि तर्कशक्ती या तीन विभागांना प्रत्येकी वीस मिनिटे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. हे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. तो केवळ उंबरठा आहे. पण बहुतेक मुले याच उंबरठ्यावर अडखळतात.

"पहिल्या वर्षी मी तिथेच पडलो," बार्शीकर म्हणाला. "पुण्यात आठ महिने खोली घेऊन राहिलो होतो. क्लास, खाणावळ धरून लाखाच्या वर खर्च झाला होता. घरी तोंड दाखवायची लाज वाटे. सगळे म्हणत, अभ्यास कमी पडला. म्हणून मी अभ्यासाचे तास वाढवले. गुण होते तिथेच राहिले."

"मग बदल कशाने झाला?"

"आमच्या अण्णांमुळे. त्यांना या परीक्षेतले काही कळत नाही. दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्यांनी सरळ विचारले, 'तोटा कुठल्या खात्यात आहे?' माझ्यापाशी उत्तर नव्हते."

खऱ्या परीक्षेत ते उत्तर मिळतही नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. निकालपत्रावर विभागवार गुण येतात, पण कोणता प्रश्न बरोबर आला आणि कोणता चुकला, हे उमेदवाराला समजत नाही. ते समजते फक्त संगणकावरच्या सराव परीक्षेत, आणि तेही ती संपल्यावर एकेक प्रश्न पुन्हा उघडून पाहणाऱ्यालाच. बार्शीकर गुण पाहून पडदा बंद करीत असे. त्या दिवाळीत त्याने प्रथमच एक सराव परीक्षा वहीत उतरवली. एकूण ८२ प्रश्न सोडवलेले. ५४ बरोबर, २८ चूक. पाव गुणाप्रमाणे ७ गुण कापून हाती ४७. मग त्या २८ चुकांची त्याने तीन खात्यांत विभागणी केली. निव्वळ अंदाजाने मारलेल्या ११. रीतच ठाऊक नसलेल्या ८. आणि रीत ठाऊक असूनही घाईत चुकलेल्या, म्हणजे आकडा उलटा वाचणे, प्रश्नातला 'नाही' नजरेतून सुटणे अशा, ९.

"मी सगळा दोष अंदाजाला देत होतो," तो म्हणाला. "मांडून पाहिले तर अंदाजाने एकूण १४ उत्तरे दिली होती, त्यांतली ३ लागली. तीन गुण मिळाले, अकरा पाव म्हणजे पावणेतीन गेले. नफा पाव गुण, म्हणजे शून्यच म्हण. पाच पर्याय असतील आणि एका चुकीला पाव गुण जात असेल, तर डोळे मिटून मारलेल्या उत्तराचा सरासरी भाव शून्यच येतो. पाचांत एक लागते, चार चुकतात. एक मिळतो, एक जातो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर मात्र उरलेल्या तिनांतून निवडणे फायद्याचे असते."

"म्हणजे अंदाजाने तुला बुडवले नव्हते."

"मुळीच नाही. बुडवले त्या नऊ उत्तरांनी. येत असलेला प्रश्न चुकला की मिळणारा एक गुण जातो आणि वर पाव कापला जातो, म्हणजे प्रत्येकी सव्वा गुण. नऊ सव्वा सव्वाअकरा. नवीन एक ओळही न शिकता मी ५८ च्या पुढे जाऊ शकत होतो. आणि मी मात्र रोज दोन तास नवी प्रकरणे वाचत बसलो होतो!"

त्यानंतर त्याने प्रश्नसंख्या मुद्दाम घटवली. पुढच्या महिन्यातील एका सराव परीक्षेत त्याने ६४ प्रश्न सोडवले. ५७ बरोबर, ७ चूक, गुण ५५.२५. अठरा प्रश्न कमी सोडवून सव्वाआठ गुण वाढले. दुसऱ्या वर्षी तो मुलाखतीपर्यंत पोहोचला, पण अंतिम यादीत नाव आले नाही. लिपिकाच्या परीक्षेत राखीव यादीत नाव लागले. वरच्या उमेदवाराने जागा सोडली तरच राखीव यादीतल्याला बोलावणे येते. ते आले नाही. तिसऱ्या वर्षी अधिकारी पदासाठी निवड झाली. या काळात तो सकाळी दुकानात बसे आणि दुपारनंतर अभ्यास करी. घरच्यांना हा वेळेचा अपव्यय वाटे. त्याच्या मते मात्र, अर्ध्या दिवसाच्या कामानेच त्याचे डोके ठिकाणावर ठेवले.

पुणे मागे पडले, डब्यातले दिवे मालवले गेले. सांगलीकराची कथा सकाळी, भुसावळ सोडल्यावर सुरू झाली. ती बऱ्याच वेगळ्या वळणाची होती.

त्याला परीक्षांचा कंटाळा. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याने संकेतस्थळांवरून आणि ईमेलने अर्ज पाठवण्याचा सपाटा लावला. तोही काही महिने आंधळेपणाने. पण हिशेबाचा माणूस असल्याने त्याने लवकरच नोंद ठेवायला घेतली. तारीख, पेढी, कोणत्या मार्गाने अर्ज केला, गोष्ट कुठवर गेली. ऑक्टोबरपर्यंत १४० अर्ज झाले होते. उत्तरे आली चार. त्यांतले एक तर फसवणुकीचे निघाले. 'निवड झाली आहे, प्रशिक्षणाच्या अनामतीपोटी २,५०० रुपये भरा' असे सांगणारे.

"भरलेस?"

"नाही. पत्ता मुंबईच्या मोठ्या कंपनीचा आणि ईमेल मात्र कोणीही फुकट उघडू शकेल असा. शिवाय मुलाखत न घेता निवड. आमच्या अडतीवर न पाहिलेल्या मालाचे पैसे कोणी आगाऊ मागितले, तर आम्ही त्याला चहाही पाजत नाही."

त्याने नातेवाइकांकडेही शब्द टाकला. तीन मामा, दोन आत्येभाऊ, थोरले मेहुणे. सर्वांनी मनापासून प्रयत्न केले आणि सर्वांनी त्याला त्याच तीन पेढ्यांची नावे सांगितली. "कारण सगळेच हळदीत!" तो हसत म्हणाला. "एकाच बाजारात बसणाऱ्या सहा माणसांना सहा वेगळ्या बातम्या कुठून असणार? मामाला जे ठाऊक, ते अण्णांना आधीच ठाऊक."

या अनुभवाला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना विचारले होते की, ज्याने ही बातमी दिली तो त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत असे? पाहणी बोस्टनजवळच्या एका उपनगरातली आणि लहानशीच होती. तरी उत्तर चकित करणारे होते. वारंवार भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले शंभरात सुमारे सतरा; अधूनमधून भेटणाऱ्याकडून छप्पन्न; आणि वर्षातून जेमतेम एकदा भेटणाऱ्याकडून अठ्ठावीस. जवळची माणसे जीव तोडून मदत करतात, पण त्यांचे जग आपल्याच जगाएवढे असते. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे आपल्याला नसलेली बातमी असते. ज्या समाजात सोयरीक, व्यापार आणि मैत्री एकाच वर्तुळात फिरतात, त्याने हे विशेष लक्षात घ्यावे.

सांगलीकराच्या बाबतीत हा दूरचा माणूस निघाला ट्रकच्या वजनकाट्याचा मालक. वडिलांबरोबर वर्षातून चार-सहा वेळा काट्यावर जाणे होई, तेवढीच ओळख. पण हळद, लोखंड, पेंड, रसायने, सगळ्यांचे ट्रक त्याच काट्यावर येत आणि चालकांपासून कारकुनांपर्यंत सारे तिथे घटकाभर टेकत.

"मी त्याला 'कुठे नोकरी असेल तर सांगा' असे म्हणालो नाही," सांगलीकर म्हणाला. "तसे म्हटले की माणूस 'हो, हो' म्हणतो आणि विसरतो. मी म्हणालो, 'काका, जीएसटीत खरेदीची बिले आणि पोर्टलवरची बिले जुळवण्याचे काम मला चांगले येते. कोणाचे ते अडले आहे का?' चौथ्या दिवशी त्यांचा फोन. कुपवाडच्या एका कारखान्याचा हिशेबनीस सोडून गेला आहे आणि शेठ हवालदिल आहेत."

बार्शीकराला हे खटकले. "असे दारोदार विचारायला मला कधीच जमले नसते. परीक्षेत निदान कोणाचे उपकार नसतात."

"उपकार कसले? अडत्या शेतकऱ्याला दर विचारतो, तेव्हा भीक मागतो का? त्या शेठना माणूस हवा होता, मला काम. काटेवाल्याने दोघांची गाठ घालून दिली."

शेठ हवालदिल होण्याचे कारण वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. ९ ऑक्टोबर २०१९ पासून नवा नियम लागू झाला होता. पुरवठादारांनी पोर्टलवर चढवलेल्या बिलांचे जे इनपुट क्रेडिट दिसते, त्यापलीकडे फक्त आणखी २० टक्क्यांपर्यंतच क्रेडिट घेता येणार होते. त्याआधी लोक आपल्या खरेदी वहीवरूनच क्रेडिट घेत. नियम आल्यावर, वहीतले आणि पोर्टलवरचे आकडे जुळत नाहीत हे घरोघरी उघडकीस आले.

शेठनी सांगलीकराला विचारले, "अनुभव किती?" तो म्हणाला, "नोकरीचा शून्य. पण मागच्या महिन्याची खरेदी वही आणि जीएसटीआर-२ए द्या. उद्या सकाळी फरक कशाचा आहे ते सांगतो."

वहीत क्रेडिट होते ६,४०,००० रुपयांचे. पोर्टलवर दिसत होते ५,१०,०००. फरक १,३०,०००. सारी रक्कम बुडाली, असा शेठचा समज. सांगलीकराने रात्री बसून बिले पुरवठादारवार लावली. ७२,००० रुपये अशा लहान पुरवठादारांकडचे होते, जे विवरणपत्र तिमाहीला भरतात. त्यांची बिले तिमाही संपल्यावर आपोआप दिसणार होती. ३८,००० दोन पुरवठादारांकडचे, ज्यांनी विवरणपत्र भरलेलेच नव्हते. त्यांना फोन करणे आणि पुढचे पैसे तोवर रोखणे, हाच उपाय. उरलेले २०,००० सर्वांत धोक्याचे, कारण त्या पुरवठादाराने बिल भरले होते, पण शेठचा जीएसटी क्रमांकच चुकीचा टाकला होता. त्याने दुरुस्ती केल्याखेरीज ते क्रेडिट कधीच दिसणार नव्हते, आणि वाट पाहत बसल्यास ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

"आणि त्या महिन्यात घेता येईल किती?" बार्शीकराने बँकवाल्याच्या उत्सुकतेने विचारले.

"पाच लाख दहा हजारांचे वीस टक्के म्हणजे एक लाख दोन हजार. एकूण सहा लाख बारा हजार. म्हणजे त्या महिन्यापुरते अडले ते फक्त अठ्ठावीस हजार. सकाळी हा एक कागद शेठच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारले, 'कधीपासून येतोस?'"

हा नियम पुढे घट्ट होत गेला. २० टक्क्यांचे १० झाले, मग ५, आणि १ जानेवारी २०२२ पासून पोर्टलवर न दिसणारे क्रेडिट घेताच येत नाही. म्हणजे त्या कागदावरचा हिशेब आज तसाच्या तसा चालणार नाही. जुळवणीचे काम मात्र वाढलेच आहे.

या मार्गातही काटे आहेत. त्याआधी एका पेढीने सांगलीकराकडून 'चाचणी' म्हणून आठ दिवस काम करून घेतले होते आणि तुंबलेले काम संपताच 'कळवतो' म्हणून बोळवण केली होती. तेव्हापासून त्याचा दंडक ठरला. एका महिन्याची वही, एक रात्र, एक कागद. त्यापुढे दिवसाचा मेहनताना आधी ठरवायचा. पगारही सुरुवातीला १८,००० च होता, बँकेतल्या मित्राच्या निम्म्याहून कमी. नोकरीची शाश्वती शेठच्या मर्जीवर. हे त्याने लपवले नाही.

अकोला गेल्यावर पुन्हा भावाचा विषय आला. बार्शीकराने मोबाईलवर भावाने पाठवलेले शेवटच्या तीन सराव परीक्षांचे गुण दाखवले: ४९.५, ५०.२५, ४९.७५.

"तुझे गुण अडले होते तसेच," सांगलीकर म्हणाला. "चढत असते तर मी म्हटले असते, चालू दे. घसरत असते तर म्हटले असते, थकला आहे. हे नुसते थिजलेले आहेत. किती सोडवले, किती चुकले, हे त्याने लिहिले आहे का?"

"नाही. नुसते गुण."

"मग तू त्याला अजून काहीच सांगू नकोस. नुसते विचार. आणि वयाचे काय?"

लिपिक पदासाठी खुल्या वर्गाची कमाल मर्यादा २८ वर्षे, अधिकारी पदासाठी ३०. भावाकडे लिपिकाच्या दोन संधी होत्या, अधिकाऱ्याच्या चार. "कागदावर चार," बार्शीकर म्हणाला. "पण तिशीपर्यंत नुसता अभ्यास केलेल्या मुलाला शेठही विचारणार नाही. अण्णा उगाच चिडलेले नाहीत." यावर दोघांचे एकमत झाले नाही. सांगलीकराच्या मते परीक्षा आजच सोडावी. दुकानातली ई-वे बिले आणि टॅली भाऊच पाहतो, हे विकण्याजोगे कौशल्य आहे. बार्शीकराचे म्हणणे, सव्वा गुणाच्या चुका सापडल्या तर सहा महिन्यांत गोष्ट पालटू शकते, आणि त्या आहेत की नाहीत हे पाहिल्यावाचून वही मिटणे हाही तोट्याचाच सौदा.

शेवटी बार्शीकराने भावाला फोन लावला. वडिलांचे नाव काढले नाही, उपदेशही केला नाही. शेवटची सराव परीक्षा उघडून चुकांची तीन खाती पाडायला सांगितली. आणि दुसऱ्या कागदावर, दुकानाशी संबंध येणाऱ्या पण नात्यातल्या नसलेल्या दहा माणसांची नावे लिहायला सांगितली.

"दादा, हे कशाला?" भावाने विचारले.

"पहिला कागद परीक्षेसाठी. दुसरा, पहिल्याने काही दिले नाही तर."

वर्ध्याच्या अलीकडे भावाने दोन्ही कागदांची छायाचित्रे पाठवली. पहिल्यावर घाईच्या चुका होत्या अवघ्या तीन. रीत ठाऊक नसलेल्या सतरा, आणि त्यांतल्या चौदा एकट्या गणिताच्या. बार्शीकराचा अंदाज चुकला होता. भावाचा तोटा वेगळ्याच खात्यात होता. दुसऱ्या कागदावर दहाऐवजी चौदा नावे होती. पहिले नाव बारदान पुरवणाऱ्याचे, दुसरे वाहतूक कचेरीतल्या बुकिंग कारकुनाचे. खाली भावाने लिहिले होते, 'यांतल्या सहाव्याशी उद्या बोलतो. गणिताला मार्चपर्यंत वेळ देतो.'